अनोळखी नंबर आणि पोटातला गोळा

मोबाईल वाजतो. पडद्यावर कोणाचेही नाव नसते, नुसते दहा आकडे असतात. बहुतेक लोक सहज 'हॅलो' म्हणतात. काहींच्या मात्र छातीत धडधडू लागते, तळहातांना घाम येतो आणि पोटात गोळा उठतो. ते फोन उपडा ठेवतात आणि रिंग थांबण्याची वाट पाहतात. आपल्याकडे मोबाईलची रिंग साधारण तीस सेकंद वाजते, पण या मंडळींना ती तीस सेकंदे पाच मिनिटांसारखी वाटतात. रिंग थांबली की 'सुटलो एकदाचे' असे वाटते.

या तक्रारीसाठी म्हणून दवाखान्यात सहसा कोणी येत नाही. पित्ताची, झोपेची, डोकेदुखीची तक्रार घेऊन येतात आणि बोलता बोलता ही गोष्ट निघते. कधी घरचे लोक रागाने घेऊन येतात. 'दिवसभर मोबाईल हातात असतो, पण फोन आला की उचलत नाही,' असे त्यांचे म्हणणे असते. घरच्यांना हा आळस वाटतो किंवा उद्धटपणा वाटतो. प्रत्यक्षात ती भीती असते, आणि ती सवयीने कमी करता येते. कशी, ते आज पाहू.

भीती नेमकी कशाची?

समोरासमोर बोलताना आपण केवळ शब्दांवर विसंबून नसतो. समोरचा मान हलवतो, हसतो, भुवया उंचावतो. आपले बोलणे त्याला कळले की नाही, हे आपल्याला चेहऱ्यावरून समजते. फोनवर हे सगळे नाहीसे होते आणि फक्त आवाज उरतो. शिवाय बोलण्याची एक लय असते. साध्या गप्पांत एकाचे बोलणे संपल्यावर दुसरा सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत सुरुवात करतो. मोबाईलवर आवाज पोहोचायलाच थोडा उशीर होतो. त्यामुळे दोघे एकदम बोलतात किंवा दोघेही गप्प बसतात. धीट माणूस त्याकडे लक्ष देत नाही. भित्र्या माणसाला मात्र ती क्षणभराची शांतता 'मी काहीतरी चुकीचे बोललो' अशी वाटते.

अनोळखी नंबर असला तर यात आणखी भर पडते. कोण आहे माहीत नाही, काय विचारणार माहीत नाही, कोणत्या भाषेत बोलणार तेही माहीत नाही. तयारीला वेळ नसतो. मेंदू हा प्रसंग धोक्याचा समजतो आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रिनॅलिन रक्तात सोडतात. कुत्रा अंगावर धावून आला तर जे होते तेच सगळे फोन वाजल्यावर होते. हृदयाचे ठोके वाढतात, तोंड कोरडे पडते, आवाज कापरा होतो. हा हृदयविकार नव्हे. ही लाट काही मिनिटांत चढते आणि काहीही न करता आपोआप उतरते. पण ती उतरेपर्यंत थांबले तरच हे अनुभवाला येते, आणि खरी अडचण तेथेच आहे.

सुटकेचा सापळा

फोन उचलला नाही की क्षणात बरे वाटते. मेंदू त्यातून एक धडा घेतो, 'उचलला नाही म्हणून वाचलो.' फोन उचलला असता तर काय झाले असते, हे कधीच कळत नाही. कदाचित गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस पत्ता विचारत असेल. पण तो अनुभव पदरी पडत नाही आणि भीती जशीच्या तशी राहते. पुढच्या वेळी ती थोडी वाढलेलीच असते, कारण आता न उचललेल्या फोनचे ओझेही डोक्यावर असते. म्हणजे जी सुटका औषधासारखी वाटते, तेच या भीतीचे खाद्य आहे.

टाळण्याचे काही प्रकार चटकन ध्यानात येत नाहीत. प्रत्येक काम निरोप टाईप करून उरकणे, बहिणीला किंवा बायकोला फोन लावायला सांगणे, नंबर कोणाचा आहे हे अर्धा तास शोधत बसणे आणि मग फोन न करणे, ही सगळी त्याच झाडाची पाने आहेत. आवड म्हणून निरोप पाठवणे वेगळे. फोन करावा लागू नये म्हणून कामच सोडून देणे हे मात्र आजाराचे लक्षण समजावे.

एक उदाहरण

गेल्या काही वर्षांत पाहिलेले एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. बी. कॉम. झालेला चोवीस वर्षांचा मुलगा. वडिलांना मधुमेह, रक्तदाब आणि मूत्रपिंडांचा त्रास. त्यांचे रक्त तपासायला दिले होते आणि प्रयोगशाळेच्या कागदावर मुलाचा नंबर लिहिला होता. संध्याकाळी प्रयोगशाळेतून त्या नंबरवर तीनदा फोन आला. मुलाने उचलला नाही. वडिलांच्या रक्तातील पोटॅशियम ६.४ आले होते. ते साधारणपणे ३.५ ते ५ असावे लागते. सहाच्या वर गेले तर हृदयाची लय बिघडू शकते आणि तातडीने ई. सी. जी. काढावा लागतो. असा अहवाल सकाळपर्यंत टेबलावर ठेवायचा नसतो, म्हणूनच प्रयोगशाळा फोन करते.

शेवटी प्रयोगशाळेने मला कळवले. मी शेजाऱ्यांकरवी निरोप पाठवला आणि वडिलांना रात्रीच जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले. ते बरे झाले. पण आठवड्याने आई मुलाला घेऊन आली तेव्हा तिचा राग उतरला नव्हता. "अहो डॉक्टर, हा मोबाईल याच्या हातातून सुटत नाही, आणि बापाच्या जिवाचा फोन याला उचलवला नाही," ती म्हणाली. मुलगा मान खाली घालून बसला होता. आईला बाहेर बसवल्यावर तो बोलला, "डॉक्टर, मला कळत होतं की उचलायला पाहिजे. पण समोरचा काही विचारील आणि मला बोलता येणार नाही, असंच वाटतं. हात पुढे जातच नाही."

त्याच्या दोन नोकऱ्याही अशाच गेल्या होत्या. मुलाखतीचे फोन अनोळखी नंबरवरून येतात. त्याने अर्ज भरले होते, पण आलेले फोन घेतले नव्हते. घरात हे कोणालाच माहीत नव्हते.

आधी काय तपासावे?

सराव सुरू करण्याआधी दोन-तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे कान. पन्नाशीनंतर ऐकू कमी येऊ लागते ते बहुधा उंच पट्टीतल्या आवाजांपासून. जुन्या पद्धतीचा दूरध्वनी ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पोहोचवतो. त्यामुळे 'स', 'श', 'फ' असे आवाज आधीच पुसट झालेले असतात. समोरासमोर ओठ पाहून काम भागते, फोनवर भागत नाही. अशा आजोबांना 'फोनची भीती' नसते, त्यांना ऐकू येत नसते. त्यांना कानाची तपासणी हवी.

दुसरी म्हणजे तोतरेपणा. अडखळत बोलणाऱ्यांना फोन सर्वांत अवघड जातो, कारण शब्द अडकला की समोरच्याला वाटते फोन कटला. त्यांनी वाचा उपचारतज्ज्ञाकडे जावे. सुरुवातीलाच 'मी थोडा अडखळत बोलतो, जरा वेळ द्या,' असे सांगून टाकले तर निम्मा ताण उतरतो.

तिसरी गोष्ट म्हणजे भीतीला खरे कारण आहे का? कर्ज थकले आहे आणि वसुलीचे फोन येत आहेत, अशा माणसाला फोनचा सराव देऊन उपयोग नाही. त्याचे दुखणे वेगळे आहे. त्याने एवढे मात्र माहीत करून घ्यावे की थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, अशा सूचना रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये दिलेल्या आहेत.

आमच्या या मुलाच्या बाबतीत तिन्ही गोष्टी नव्हत्या. थायरॉईडची तपासणीही ठीक आली. तेव्हा सराव सुरू केला.

कागदावरच्या चार ओळी

फोनवर बोलणे सुचत नाही, ही मुख्य तक्रार असते. म्हणून पहिल्यांदा बोलणे कागदावर लिहायचे. पण पानभर नाही, फक्त चार ओळी. पहिली ओळ नमस्कार आणि नाव-गाव. दुसरी ओळ काम, एकाच वाक्यात. तिसरी ओळ समोरच्याने सांगितलेले परत म्हणून दाखवण्याची. चौथी ओळ निरोपाची. उदाहरणार्थ, औषधाच्या दुकानात फोन करायचा असेल तर असे लिहावे :

"नमस्कार, मी स्टेशन रोडवरून बोलतोय.
मेटफॉर्मिन पाचशेच्या गोळ्या मिळतील का आणि दुकान किती वाजेपर्यंत उघडं आहे?
म्हणजे गोळ्या आहेत आणि दुकान दहापर्यंत आहे.
बरं, येतो. धन्यवाद."

या चार ओळींखाली तीन वाक्ये वेगळी लिहून ठेवावीत. ही अडचणीतली वाक्ये. "जरा थांबा, लिहून घेतो." "आवाज नीट येत नाही, परत सांगता का?" आणि "मला आत्ता नक्की सांगता येत नाही, विचारून तासाभराने फोन करतो." फोनवरच्या बहुतेक अडचणी या तीन वाक्यांत बसतात. अनोळखी प्रश्नाचे उत्तर लगेच द्यायलाच हवे असा नियम नाही, हे लक्षात आले की फार मोकळे वाटते. या मुलाला तिसरे वाक्य सर्वांत उपयोगी पडले.

आता एक इशारा. हा कागद म्हणजे पडलेल्या माणसाची काठी आहे, कायमचा पाय नव्हे. काही जण अर्धा तास घोकंपट्टी करतात, पानभर लिहितात आणि शब्दशः वाचून दाखवतात. मग समोरच्याने कागदावर नसलेले काही विचारले की पूर्ण गडबडतात. शिवाय फोन चांगला झाला तरी श्रेय कागदाला जाते, 'कागद होता म्हणून जमले.' डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हीच गोष्ट मांडली. लोकांची भीती बाळगणारा माणूस स्वतःच्या आवाजाकडे, घामाकडे आणि घोटलेल्या वाक्यांकडे एवढे लक्ष देतो की समोरच्याचे बोलणे त्याला धड ऐकूच येत नाही. आणि ज्या आधारांवर तो विसंबतो, तेच भीती टिकवून धरतात.

म्हणून कागद आठवड्या-आठवड्याला लहान करायचा. पहिल्या आठवड्यात पूर्ण वाक्ये, दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक ओळीचा एकच शब्द, तिसऱ्या आठवड्यात फक्त काम कोणते तेवढे. त्यानंतर कोरा कागद आणि पेन. पेन मात्र शेवटपर्यंत असू द्यावे. समोरचा काय सांगतो ते लिहायला लागले की लक्ष आपोआप स्वतःवरून उठून त्याच्या बोलण्यावर जाते.

भीतीची शिडी

एकदम अवघड फोन करायला लावू नये. जोसेफ वोल्पे हा मूळचा दक्षिण आफ्रिकेतला मनोविकारतज्ज्ञ. त्याने १९५८ साली आपल्या ग्रंथात भीतीवर पायरीपायरीने मात करण्याची पद्धत मांडली. आज तिच्यात पुष्कळ बदल झाले आहेत, पण शिडीची कल्पना टिकून आहे. प्रत्येक प्रसंगाला भीतीचे शून्य ते शंभर असे गुण द्यायचे आणि कमी गुणांपासून वर चढायचे. या मुलाने स्वतः तयार केलेली शिडी अशी होती :

१. मोबाईल कंपनीची मुद्रित माहिती ऐकणे, पलीकडे माणूस नाही : १० गुण
२. मामांना फोन करून एक साधी चौकशी करणे : २५ गुण
३. ओळखीच्या मेडिकलमध्ये औषध आहे का विचारणे : ४० गुण
४. अनोळखी हार्डवेअरच्या दुकानात वेळ विचारणे : ५० गुण
५. एस.टी. स्थानकावर गाडीची वेळ विचारणे : ६० गुण
६. बहिणीच्या मैत्रिणीने न सांगता वेळ साधून तिच्या नंबरवरून केलेला फोन उचलणे : ६५ गुण
७. खरा अनोळखी नंबर उचलणे : ८५ गुण
८. घरातले सगळे ऐकत असताना नोकरीच्या चौकशीसाठी फोन करणे : ९० गुण

तुमची शिडी वेगळी असेल. काहींना घरच्यांसमोर बोलणे अनोळखी माणसापेक्षा अवघड जाते, काहींना साहेबांचा फोन सर्वांत जड जातो. आपली आपण लिहावी.

शिडी चढण्याचे नियम मात्र सर्वांना सारखे आहेत. एकाच पायरीवरचे फोन रोज तीन-चार करायचे, वेगवेगळ्या दुकानांत. आठवड्यातून एक फोन केला तर भीती मधल्या दिवसांत पुन्हा ताजी होते. धडधड वाढली म्हणून मध्येच फोन ठेवायचा नाही, कारण शिखरावरून पळाले तर मेंदू पुन्हा सुटकेचाच धडा घेतो. एखाद्या पायरीचे गुण साधारण निम्म्यावर आले की पुढची पायरी घ्यायची. शून्य होण्याची वाट पाहू नये, ते होत नाही. फोन करण्यापूर्वी हवे तर एक सावकाश, लांब श्वास सोडावा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की ठोके थोडे मंदावतात. पण दहा मिनिटे प्राणायाम केल्याशिवाय फोन करायचाच नाही असे झाले, तर तोही एक टाळण्याचा प्रकार होऊन बसतो.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे वही. पानाचे दोन भाग करावेत. डाव्या बाजूला फोन करण्यापूर्वी 'काय होईल असे वाटते' ते लिहावे, आणि फोन झाल्यावर उजव्या बाजूला 'काय झाले' ते. या मुलाच्या वहीत चौथ्या पायरीवर डावीकडे लिहिले होते, 'दुकानदार वैतागेल, मी अडकेन, तो हसेल.' उजवीकडे होते, 'म्हणाला साडेआठपर्यंत आहे, या. २० सेकंद लागले.' एस.टी. स्थानकाच्या पानावर चार वेळा नुसते 'लागला नाही' असे आहे आणि पाचव्या वेळी, 'उचलला. तुटक बोलला. पण सगळ्यांशीच तसा बोलत असावा.' हे शेवटचे वाक्य त्याचे त्याने लिहिले होते. समोरच्याचा तुटकपणा आपल्यामुळे नसतो, हे मी दहा वेळा सांगून पटले नसते. ते वहीने पटवले.

भीती वेगळी, सावधगिरी वेगळी

आता खरा प्रश्न. हल्ली अनोळखी फोनवरून फसवणूक इतकी होते की 'अनोळखी नंबर उचलूच नका' असे घरोघर सांगितले जाते. मग भिणाऱ्याला उचलायला शिकवायचे ते कसे?

आधी हे समजून घ्यावे की नुसता फोन उचलून 'कोण बोलतंय?' विचारल्याने खात्यातले पैसे जात नाहीत. पैसे जातात ते आपण ओ. टी. पी. सांगितल्यावर, कोणी सांगितलेले अॅप मोबाईलमध्ये घेतल्यावर, तारा-चिन्हाने सुरू होणारे आकडे दाबल्यावर किंवा घाबरून स्वतः पैसे पाठवल्यावर. म्हणजे धोका उचलण्यात नाही, पुढच्या बोलण्यात आहे. त्या बोलण्यासाठीही चार ओळी तयार ठेवता येतात :

"हॅलो, कोण बोलतंय?
कुठून बोलताय आणि काय काम आहे?
बरं, लिहून घेतलं. मी चौकशी करून कळवतो.
ही माहिती मी फोनवर देत नाही. ठेवतो."

यातली पहिली ओळ बोलताना स्वतःचे नाव सांगायची गरज नाही. समोरच्याने सांगू द्यावे. काम खरे असेल तर तिसरी ओळ वापरावी. पैसे, कार्डाचा नंबर किंवा ओ. टी. पी. मागितला, घाई केली किंवा दम दिला तर चौथी ओळ बोलून फोन ठेवावा, आणि बँकेच्या पासबुकावर किंवा कार्डामागे छापलेल्या नंबरवर आपणहून चौकशी करावी. पोलीस किंवा सी. बी. आय. असल्याचे सांगून 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका' असा फोन आला तर तो खोटा समजावा. कायद्यात अशी अटक नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर कळवावे, कारण जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. परदेशी नंबरवरून आलेल्या मिस्ड कॉलला उलट फोन करू नये. जाहिरातीचे फोन १४० ने आणि बँकांचे कामाचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यावेत अशी व्यवस्था केलेली आहे. पण आकडा पाहून निर्धास्त होऊ नये, मागणी काय आहे ते पाहावे.

फोन ठेवून देणे म्हणजे पुन्हा पळणेच नाही का, असे या मुलाने विचारले होते. प्रश्न चांगला होता. फरक असा की, कोण आहे हे कळण्याआधी रिंगच्या आवाजाने पळणे ही भीती. कोण आहे ते ऐकून, समजून, आपले वाक्य बोलून फोन ठेवणे ही सावधगिरी. पहिल्यात आपल्याला काहीच कळत नाही, दुसऱ्यात सगळे कळलेले असते. ज्याला 'मी फोनवर माहिती देत नाही' हे वाक्य न अडखळता बोलता येते, तो फसण्याची शक्यताही कमी असते. दम दिल्यावर गांगरणारा आणि गप्प बसून ऐकत राहणारा माणूसच भामट्यांना हवा असतो.

मध्ये खाच येतेच

तिसऱ्या आठवड्यात हा मुलगा चौथ्या पायरीवर होता. एका दुपारी कर्ज देणाऱ्या कोणत्या तरी एजंटाचा फोन त्याने चुकून उचलला. तो माणूस उर्मट बोलला. मुलाने फोन ठेवला आणि दोन दिवस एकही फोन केला नाही. चौथ्या पायरीचे गुण ३० पर्यंत उतरले होते ते पुन्हा ७० झाले. तो म्हणाला, "सगळं वाया गेलं."

वाया काही जात नाही. अशा वेळी एक पायरी खाली उतरावे, दोन दिवस सोपे फोन करावेत आणि पुन्हा वर यावे. त्याने तेच केले. त्या उर्मट फोनची नोंदही वहीत करायला लावली. डावीकडे 'कोणी ओरडले तर मी कोलमडेन' असे आधीच लिहिलेले होते. उजवीकडे त्याने लिहिले, 'ओरडला. हात थरथरले. पंधरा मिनिटांनी चहा प्यायलो.' म्हणजे ज्याची सर्वांत जास्त भीती होती ते घडून गेले होते आणि तो शाबूत होता.

सहा आठवड्यांनी अनोळखी नंबरचे गुण ८५ वरून ३० वर आले. रिंग वाजली की अजूनही त्याचे पोट क्षणभर आवळते, पण हात पुढे जातो. घरच्यांसमोर नोकरीचा फोन करणे त्याला अजून अवघड जाते. ती पायरी राहिली आहे.

घरच्यांनी काय करावे?

त्याच्या ऐवजी फोन लावून देऊ नये. मदत म्हणून केलेली ही गोष्ट टाळण्याला हातभार लावते. फोन करताना शेजारी उभे राहून खुणा करू नयेत, फोन झाल्यावर 'असं बोलायला हवं होतंस' म्हणून उजळणी घेऊ नये, आणि पाहुण्यांसमोर थट्टा तर मुळीच करू नये. सरावासाठी खोटा फोन करायला मात्र जरूर तयार असावे. शिवाय जोपर्यंत सराव चालू आहे तोपर्यंत दवाखाना, प्रयोगशाळा, बँक अशा ठिकाणी दोन नंबर द्यावेत आणि नेहमीचे नंबर नावासकट मोबाईलमध्ये नोंदवून ठेवावेत. एखाद्याच्या सरावावर दुसऱ्याचा जीव टांगता ठेवू नये.

औषध लागते का?

नुसत्या फोनच्या भीतीला बहुधा लागत नाही. धडधड थांबवणारी प्रोप्रॅनोलॉल ही गोळी कोणी तरी सुचवतो आणि लोक मेडिकलमधून आणतात. दम्याच्या रुग्णाला ती घातक ठरू शकते. झोपेच्या आणि चिंतेच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, आणि त्यांच्या धुंदीत केलेला सराव मेंदूत नीट रुजत नाही. दारूचेही तेच. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय यातले काही घेऊ नये.

भीती फोनपुरती नसेल, चारचौघांत बोलणे, जेवणे, सही करणे यांतही माणूस आकसत असेल, कॉलेज किंवा नोकरी सुटत असेल, झोप-भूक उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर घरी सराव करत बसू नये, मनोविकारतज्ज्ञाला दाखवावे. अशा वेळी बोलण्याच्या उपचाराबरोबर काही महिने औषधही द्यावे लागते, आणि त्याचा गुण यायला काही आठवडे जातात. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो, तेथे चौकशी करावी. सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालू असते आणि मराठीतून बोलता येते. फोनचीच भीती असलेल्याने तेथे फोन कसा करायचा, असे कोणी विचारील. पहिल्यांदा घरच्यांपैकी एकाने लावून द्यावा, आणि पलीकडे माणूस आला की फोन त्याच्या हातात द्यावा. घरी सराव करणाऱ्यांनी सहा आठवड्यांत गुण उतरले नाहीत तर तेवढ्यावर न थांबता डॉक्टरांना वही दाखवावी. कोणत्या पायरीवर अडले आहे ते त्या वहीवरून लगेच कळते.